हजेरी लावताना

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मामा सांगत होता, तू कॉलेजच्या पोरांबरोबर केटरिंगच्या शिफ्टला जायला लागलास. जा. पण पैशाबाबत माझं ऐक.

तुळशीचं लग्न झालं की हॉलवाल्यांना पोरं कमी पडतात. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘वेटर 20, काळी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट, चार वाजता दादर’. हा मेसेज टाकणारा बहुतेक वेळा केटरर नसतो, पोरं पुरवणारा ठेकेदार असतो. पार्टी केटररला पैसे देते, केटरर ठेकेदाराला आणि तो तुम्हाला. पैसे अडकतात ते या शेवटच्या हातात.

मी मुंबईत असताना एका ठेकेदाराकडे सलग तीन रात्री गेलो, सहाशे रुपये शिफ्टने. पहिल्या रात्रीचे हातात मिळाले, म्हणून विश्वास बसला. दुसऱ्या रात्री म्हणाला, ‘उद्या दोन्हीचे एकदम देतो.’ तिसऱ्या रात्री भांडी टेम्पोत चढली आणि त्याचा फोन बंद. केटररचा माणूस म्हणाला, ‘मी त्याला हिशेब देऊन बसलोय.’ आम्हाला ठेकेदाराचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. माझे बाराशे बुडाले. सोनू, आदल्या रात्रीचे हातात आल्याशिवाय पुढची शिफ्ट घ्यायची नाही. नोंदणीचे किंवा ड्रेसचे पैसे आधी मागणाऱ्याकडे तर जाऊच नकोस.

निघण्याआधी त्याला एवढं लिहून पाठव: ‘14 तारीख, अमुक हॉल, दुपारी 4 ते रात्री 12, वेटर, 700 रुपये, काम संपल्यावर रोख किंवा यूपीआय. बरोबर ना?’ त्याचं नुसतं ‘हो’ आलं तरी तो पुरावा झाला. हॉलवर हजेरी लावताना सगळ्यांसमोर विचार, पैसे कोण देणार आणि किती वाजता. आपल्या नावाच्या ओळीचा फोटो काढ. टेम्पोवर केटररचं नाव असतं, त्याचाही काढ. पैसे मागायची वेळ म्हणजे शेवटची पंगत उठल्यावर, टेम्पो भरायच्या आधी. तोपर्यंत त्याला तुमची गरज असते.

किचन हेल्पर म्हणून गेलास तर भांडी धुऊन टेम्पो भरेपर्यंत थांबावं लागतं. वेटर आधी सुटतो. रात्री एकच्या सुमारास लोकल बंद होतात आणि पहाटे चारनंतर सुरू होतात. शेवटच्या गाडीच्या घाईत पोरं ‘उद्या देतो’ ऐकून निघून जातात. म्हणून सुटायची वेळही त्याच मेसेजमध्ये लिही. उशीर झाला तर घरी पोचवणार का, तेही.

रोजंदारीची मजुरी शिफ्ट संपताना द्यायची, असं 2019च्या वेतन संहितेत लिहिलंय. बुडवलेच तर मेसेज आणि फोटो घेऊन बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जा. एकटा नको, त्या रात्रीची चार पोरं बरोबर घे.

परवाच्या शिफ्टचे मिळाले का, ते मला कळव.

तुझा,
बाबा