चेक परत का आला आणि दंड कुणी भरला: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील काही मशीनशॉपचे हिशेब लिहितो. परत आलेले चेक हा माझ्या कामाचा नित्याचा भाग असल्याने त्याविषयी तक्रार करण्याचा माझा स्वभाव उरलेला नाही. हे पत्र परत आलेल्या चेकबद्दल नाही. तो परत का आला हे सांगणाऱ्या अर्ध्या पानाच्या रिटर्न मेमोबद्दल आणि त्या मेमोच्या आधारे खात्यातून कापल्या जाणाऱ्या रकमेबद्दल आहे.

आमच्या एका मालकांना शिरोलीच्या एका फौंड्रीकडून जॉबवर्कचे ४८,६०० रुपये येणे होते. त्यांनी चेक आपल्या बँकेत भरला आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला. मेमोच्या छापील कागदावर कारणांची यादी होती आणि पहिल्याच ओळीपुढे, म्हणजे ‘फंड्स इनसफिशियंट’पुढे, बॉलपेनने खूण केलेली होती. खात्यातून १५० रुपये शुल्क आणि त्यावर अठरा टक्क्यांप्रमाणे २७ रुपये जीएसटी, असे १७७ रुपये कापले गेले होते. मालकांनी साहजिकच फौंड्रीवाल्यांना फोन लावला आणि दहा वर्षांच्या व्यवहारात प्रथमच आवाज चढला.

फौंड्रीवाल्यांनी संध्याकाळी आपल्या खात्याचा उतारा पाठवला. त्यात चेक परत गेला त्या दिवशी तीन लाखांहून अधिक शिल्लक होती. एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला नसता, कारण चेक तपासला गेला त्या क्षणी शिल्लक कमी असू शकते आणि दुपारी भरणा झालेला असू शकतो. मला खटकले ते वेगळेच. पैसे अपुरे असल्यामुळे चेक परत गेला असता, तर चेक देणाऱ्याच्या बँकेने त्याच्या खात्यालाही दंड लावला असता, आणि तो दंड चेक भरणाऱ्याला लागणाऱ्या दंडापेक्षा बहुधा जास्तच असतो. फौंड्रीच्या उताऱ्यात तशी ओळच नव्हती. ज्या बँकेने चेक नाकारला तिने आपल्या खातेदाराला दोषी धरलेले नाही आणि ज्या बँकेत चेक भरला तिने मात्र मेमोवर त्यालाच दोषी ठरवले आहे, असा हा पेच होता.

म्हणून मी शाखेत जाऊन क्लिअरिंगमधून आलेला रिटर्न कोड लेखी मागितला. काउंटरवर उत्तर मिळाले, “सिस्टीमनंच कापलंय ओ, आमच्या हातात काय न्हाई.” अर्ज दिल्यावर चार दिवसांनी छापील उतारा मिळाला. त्यावर कोड ३९ होता आणि त्याचा अर्थ ‘इमेज नॉट क्लिअर, प्रेझेंट अगेन विथ पेपर’. अपुऱ्या शिलकीचा कोड ०१ आहे. म्हणजे समोरच्या बँकेने फक्त ‘चित्र नीट दिसत नाही, पुन्हा सादर करा’ एवढेच कळवले होते आणि मेमो भरणाऱ्याच्या हाताने, सवयीने असेल, पहिल्या ओळीपुढे खूण केली.

मूळ चेक पाहिल्यावर कारणही समजले. फौंड्रीचा जांभळा गोल शिक्का अक्षरी रकमेवर पसरला होता. डोळ्यांना ती रक्कम वाचता येत होती, पण चेक ट्रंकेशन पद्धतीत कागद चेक भरलेल्या बँकेतच राहतो आणि देणाऱ्याच्या बँकेला केवळ स्कॅन केलेली प्रतिमा दिसते. ती प्रतिमा पुढे पाठवण्यापूर्वी पडद्यावर पाहणे हे चेक स्वीकारणाऱ्या बँकेचेच काम आहे.

याबाबतचा नियम आपल्याच बँकेचा आहे. ७ मे २०१३ च्या परिपत्रकात आपण स्पष्ट सांगितले आहे की चेक परतीचे शुल्क ग्राहकाची चूक असेल आणि परतीला तोच जबाबदार असेल तेव्हाच घ्यावे. ग्राहकाची चूक नसलेल्या कारणांची यादीही सोबत दिली आहे आणि अस्पष्ट प्रतिमा त्या यादीत आहे. ज्या चेकसाठी ग्राहकाकडे पुन्हा जाण्याची गरज नाही, तो बँकेने स्वतःहून लगेचच्या क्लिअरिंगमध्ये, सुट्ट्या वगळून चोवीस तासांच्या आत, पुन्हा लावावा आणि ग्राहकाला तसे कळवावे, असेही त्यात आहे. आमच्या प्रकरणात चेक पुन्हा लावलाच गेला नाही. तो मेमोसह मालकांच्या हाती देण्यात आला.

चुकीच्या खुणेची किंमत १७७ रुपयांवर थांबत नाही. परक्राम्य लेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि कलम १४६ नुसार बँकेचा शिक्का असलेला मेमो पाहून न्यायालय, उलट सिद्ध होईपर्यंत, चेक न वटल्याचे गृहीत धरते. आमचे मालक वकिलाकडे जायला निघालेच होते. निरपराध फौंड्रीवाल्यावर त्या एका बॉलपेनच्या खुणेने फौजदारी तक्रार उभी राहिली असती.

माझी विनंती मर्यादित आहे. मेमो हाताने खूण करून देणे बंद व्हावे. क्लिअरिंगच्या फाइलमध्ये आलेला कोड आणि त्याचे शब्द तसेच मेमोवर छापले जावेत. शुल्काच्या ओळीपुढे खातेउताऱ्यातही तोच कोड यावा, म्हणजे मेमो आणि उतारा शेजारी ठेवून कोणताही खातेदार घरी बसून ताळा करू शकेल. आज उताऱ्यात शुल्काची नोंद असते, कारण नसते; मेमोत कारण असते, शुल्क नसते. ज्या कोडना शुल्क लागू नाही, त्यांवर संगणकानेच ते कापू नये. हे काम अवघड नाही, कारण सिस्टीमला कोड आधीच ठाऊक असतो.

एका बाबीचा खुलासाही आपल्याकडून हवा आहे. परिपत्रकातील ‘ग्राहक’ कोणता? समोरच्याच्या खात्यात पैसे नसल्याने चेक परत आला, तर चूक देणाऱ्याची असते, तरी चेक भरणाऱ्याच्या खात्यातूनही शुल्क घेणाऱ्या बँका आहेत. शब्दशः वाचले तर भरणाऱ्याचा काहीच दोष नसतो. बँका म्हणतात की हाताळणीचा खर्च येतो. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, पण हा वाद काउंटरवर सुटण्यासारखा नाही. आपण एका वाक्यात तो संपवू शकता.

शाखेने पुढे दुरुस्त मेमो दिला, चेक पुन्हा लावला आणि तो वटला. १५० रुपये परत जमा झाले. २७ रुपये जीएसटी अजून आलेला नाही. त्यासाठीचा दुसरा अर्ज शाखेत आहे.

सोबत दोन्ही मेमो, चेकच्या दोन्ही बाजू आणि दोन्ही खात्यांच्या संबंधित ओळी यांच्या प्रती जोडल्या आहेत. खाते क्रमांक आणि नावे झाकली आहेत.

कळावे,

आपला नम्र,
एक हिशेबनीस
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर