तो दीड ओळीचा मेल

रॉटरडॅम, सोमवार रात्र

प्रिय संजय,
अनेक आशीर्वाद.

तुमची द्राक्षं घेणाऱ्या इथल्या खरेदीदाराचा तू पाठवलेला मेल वाचला, आणि त्याला तू लिहून ठेवलेलं उत्तरही वाचलं. ते उत्तर पाठवू नकोस. ‘आमच्याकडून काही चूक झाली असल्यास क्षमस्व’ असं मालाच्या तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधीच लिहून बसलास, तर उद्या थोडी जरी मणीगळ निघाली तरी तो तेच वाक्य पुढे करून भाव पाडेल. व्यापारात आपणहून कबुली द्यायची नसते, हे आप्पा तुला माझ्यापेक्षा बरं सांगतील.

आता त्याचा मेल. तू चार परिच्छेद लिहिलेस, त्यात प्रश्न तीन: कंटेनर कसा उतरला, या मालाचा भाव काय धरणार आणि पुढच्या आठवड्यातले दोन कंटेनर भरायचे का. त्यावर उत्तर आलं, ‘मिळाला. क्यूसी रिपोर्ट उद्या. आठवडा १३ ठरल्याप्रमाणे.’ ना डिअर, ना थँक्स, खाली नुसतं नावाचं आद्याक्षर. घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं की तो नाराज आहे. मला तसं वाटत नाही.

तू आधीचे मेलही जोडलेस ते बरं केलंस, कारण एकट्या मेलवरून काही कळत नाही. माणूस एरवी कसा लिहितो, त्याच्याशी ताडून बघावं लागतं. डिसेंबरात करार ठरत होता तेव्हा त्याने ऐसपैस लिहिलंय. फेब्रुवारीत माल सुरू झाला, तसे त्याचे सगळेच मेल एका ओळीवर आलेत, ज्या कंटेनरचे पैसे त्याने वेळेत दिले त्याचासुद्धा. शिवाय तुझ्याकडे रात्री १०:२० ला आला म्हणजे इथे संध्याकाळचे ५:५० झाले होते. ऑफिस आटोपताना, बहुतेक मोबाइलवरूनच लिहिला असणार. आणि आठवड्याच्या आकड्यात तुटकपणा शोधू नकोस, इथे सगळा फळबाजार तारखेऐवजी आठवड्याच्या आकड्यावरच चालतो.

खरी नाराजी कशी येते ते मी आमच्या ऑफिसात बघते. ती थोडक्यात येतच नाही, चांगली लांबलचक येते. सोबत फोटो असतात: खोक्यावरचं लेबल, मण्यात खुपसलेला थर्मामीटर, तपकिरी पडलेले देठ, बाजूला काढून मोजलेले मऊ मणी. खाली ‘आमचे सर्व हक्क राखून’ असं एक वाक्य आणि स्वतंत्र सर्व्हेअर बोलावतो आहोत अशी सूचना. सीसीमध्ये तू कधी न ऐकलेलं एखादं नाव, बहुधा हिशेब नाहीतर विम्याकडचं. कालपर्यंत ‘हाय संजय’ म्हणणारा ‘डिअर मिस्टर’ म्हणायला लागतो. म्हणजे शब्द कमी झाले तर घाबरू नकोस, औपचारिकपणा वाढला तर सावध हो. डच माणसाला आवडलं नाही तर तो ते तोंडावर सांगतो, आपल्यासारखा आडून बोलत नाही. आणि बिनसलं असतं तर त्याने सगळ्यात आधी पुढचा माल थांबवला असता. इथे तो दोन कंटेनर भरा म्हणतोय.

एक गोष्ट मात्र तुम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटली. तीन प्रश्नांपैकी भावाचं उत्तर त्याने दिलंच नाही. हा राग नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तुमचा सौदा किमान हमी किमतीचा, त्यावरच्या पैशांचा हिशेब विक्रीनंतर. खोकी उघडून बघितल्याशिवाय तो आकड्यात अडकणार नाही, हे रास्तच आहे. पण मार्चमध्ये इथे दक्षिण आफ्रिकेची द्राक्षंही असतात. बाजार मंद असेल तर तो वेळही काढत असेल. एवढ्यावरून यातलं कुठलं खरं ते सांगता येत नाही. रिपोर्ट चांगला येऊनही भावावर गप्प राहिला, तर मग काळजी करायची.

म्हणून रिपोर्ट आला की आधी देठ, मणीगळ आणि कूज यांचे आकडे बघ, आणि मग दोनच वाक्यं लिही: ‘रिपोर्ट मिळाला. या कंटेनरची हमी किंमत कराराप्रमाणे धरून बिल पाठवतो, विक्रीचा हिशेब कधी मिळेल ते कळवा.’ ‘तुम्ही नाराज आहात का’ असं विचारू नकोस, त्यावर तो ‘नाही’ एवढंच म्हणेल. एजंटाकडून अंदाज काढायलाही जाऊ नकोस. तुम्ही अस्वस्थ आहात ही बातमी अर्ध्या तासात त्याच्या कानावर जाईल.

बुधवारपर्यंत रिपोर्ट आला नाही तर सरळ फोन कर, तुमच्याकडे दुपारी अडीचला. इथे तेव्हा सकाळचे दहा असतात, माणूस जागेवर सापडतो. माल कसा उतरला एवढंच विचार. आवाजावरून जे कळेल ते मेलमधून कळायचं नाही.

आईचा गुडघा कसा आहे ते तू लिहिलंच नाहीस. आप्पांना म्हणावं, बागेत उन्हाचं जाऊ नका. रिपोर्ट आला की मलाही पाठव, रात्री जेवणं झाल्यावर फोनवर बसून बघू.

तुझी,
ताई