रविवारी आमराईत मानेचे स्ट्रेचिंग, जमेल त्यांनी या

मंडळी, रिटर्नचा सीझन चालूय आणि ग्रुपवर रोज कुणी ना कुणी डोकं धरून बसतंय, म्हणून रविवारी सकाळी ७ वाजता सांगलीत आमराईच्या गेटपाशी जमायचंय. आपल्यातल्याच फिजिओथेरपिस्ट ताई अर्धा तास व्यायाम दाखवतील, फी नाही, चटई आपापली आणा.

तोपर्यंत एवढं करा. लॅपटॉपखाली जाड फाइली ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा, नाहीतर खांदे वर चढतात. मान खाली घालून बसलं की कवटीच्या बुडाशी स्नायू आखडतात आणि डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखतं. अर्ध्या तासाला उठा, हनुवटी सरळ मागे ओढून ५ सेकंद धरा, असं ५ वेळा. मान गरगर फिरवू नका, कटकट आवाज काढायची हौस तर नकोच.

गोळीचं नीट वाचा. पॅरासिटामॉल ५०० ची एक घ्या, परत लागली तर ६ तासांनी, पण आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको, रोज घेतली तर गोळीनेच डोकं दुखायला लागतं. लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपी, किडनी, अल्सरवाल्यांनी आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये.

ताप येऊन मान ताठली, अचानक भयंकर दुखलं, हातपाय बधिर झाले किंवा बोलणं अडखळलं तर व्यायाम नाही, थेट हॉस्पिटल.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.