विषय : उदगीर येथील घरोघरी सर्वेक्षणातील बनावट अर्जांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सर्वेक्षण सेवा विभाग

महोदय,

मी लातूरमध्ये लहान व्यवसायांसाठी बाजार संशोधन करते. करडईच्या तेलाचा लाकडी घाणा चालवणाऱ्या एका ग्राहकासाठी लातूर आणि उदगीरमध्ये प्रत्येकी 75 घरांची प्रश्नावली भरून घेण्याचे काम मी आपल्याकडे दिले होते. दुसरा घाणा आणि बाटल्या भरण्याचे यंत्र कर्ज काढून घ्यावे का, हे त्या ग्राहकाला ठरवायचे आहे. म्हणून घरात महिन्याला किती तेल लागते, ते कुठून आणतात आणि बाटलीतून घेतात की स्वतःचा कॅन घेऊन जातात, एवढेच विचारायचे होते.

लातूरचे काम नीट झाले आहे. उदगीरचे अर्ज मात्र वाचतानाच खटकले. जवळजवळ सगळ्यांनी ‘एक लिटरची बाटली’ लिहिले आहे. माझ्या ग्राहकाच्या बिलबुकात उदगीरची गिऱ्हाइके आहेत आणि त्यांतली बरीचशी पाच लिटरचा कॅन घेऊन येतात. म्हणून मी अर्जांच्या वेळा काढून पाहिल्या. एकाच टॅबवरून दुपारी 1 ते 3 या वेळात 31 अर्ज भरले गेले आहेत. चाचणीत एका घराला 12 मिनिटे लागली होती, म्हणजे दोन तासांत फार तर दहा घरे होतात, तीही दारोदार चालण्याचा वेळ न धरता. त्याच अर्जांत ‘आमच्याकडे करडईचे तेल वापरत नाही’ असे उत्तर आहे आणि पुढच्याच प्रश्नाला ‘महिन्याला 3 लिटर’! दिलेल्या क्रमांकांपैकी काहींवर फोन केला, तर अनेकांनी घरी कुणी आलेच नव्हते असे सांगितले.

नमुना लहान असला तर आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, ते मी ग्राहकाला सांगू शकते. घरे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली असतील, तर 150 घरांत हा फरक साधारण 8 टक्क्यांचा आणि 75 घरांत 11 टक्क्यांचा असतो. बनावट अर्जांना असा हिशेब लागूच होत नाही. ते सगळे एकाच बाजूला झुकतात, इथे बाटलीच्या बाजूला, आणि नमुना वाढवूनही ती चूक भरून निघत नाही. हा अहवाल तसाच दिला असता, तर त्या माणसाने यंत्रासाठी कर्ज घेतले असते. त्याच्या घरादाराचा प्रश्न आहे, आणि याचेच मला सर्वांत वाईट वाटते.

उदगीरची 75 घरे दुसऱ्या सर्वेक्षकाकडून, जादा पैसे न घेता, पुन्हा करून द्यावीत. ‘वापरत नाही’ असे उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप बंद होईल अशी सोय टॅबवर करावी. दर दहा अर्जांमागे एका घरी आपल्या पर्यवेक्षकाने फोन करून खात्री करावी आणि त्याची नोंद मला पाठवावी. अर्जांचा मूळ तपशील, वेळेच्या नोंदींसह, माझ्याकडे येईपर्यंत उरलेली रक्कम मी देणार नाही. उत्तर लेखी आणि दहा दिवसांत हवे आहे.

आपली ग्राहक,
स्वतंत्र बाजार संशोधक, लातूर

सोबत : उदगीरच्या अर्जांच्या वेळांचा तक्ता, फोन पडताळणीची नोंद