डोळ्यांच्या ऑपरेशनचा क्लेम ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : मिसेसच्या थायरॉइड आय डिसीजच्या ऑपरेशनचा नाकारलेला क्लेम पुन्हा तपासण्याबाबत

नमस्कार साहेब / मॅडम,

मी सांगलीतून लिहितोय, मार्केट यार्डात हळदीची आडत आहे आमची. पॉलिसी नंबर आणि क्लेम नंबर मेलच्या सब्जेक्टमध्ये टाकलाय. तुमच्या टीपीएचं पत्र आलं त्यात दोनच ओळी आहेत, की डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी स्वतःच आजार इनॲक्टिव्ह लिहिलाय, ऑपरेशन ठरवून केलेलं आहे, इमर्जन्सी नव्हती, म्हणून हे कॉस्मेटिक, Excl08 लागू, क्लेम नामंजूर. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते काका डोळे बाहेर आलेले आत घेतले ना, मग ते दिसण्यासाठीच झालं ना. त्या मुलीवर राग नाही, पण फाईल वाचणारा जो कोणी डॉक्टर तुमच्याकडे बसलाय त्याने हा आजार कसा चालतो ते बघितलेलं दिसत नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

मिसेस 46 वर्षांच्या, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. ग्रेव्हज म्हणजे थायरॉइड जास्त असण्याचा आजार निघाला, कार्बिमाझोल चालू झालं आणि थोड्याच महिन्यांत डोळे चुरचुरायला लागले, सकाळी उठलं की पापण्या सुजलेल्या. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की यात शरीराचीच प्रतिकारशक्ती डोळ्यामागच्या चरबीवर आणि डोळा फिरवणाऱ्या स्नायूंवर उलटते. खोबणी हाडाची असते, ती काही फुगत नाही, मग आत सूज आली की डोळा पुढं ढकलला जातो. आणि हा आजार दोन टप्प्यांत चालतो. पहिला ॲक्टिव्ह, म्हणजे सूज, लाली, दुखणं, साधारण सहा महिने ते दीड वर्ष, कधी जास्तही. मग आग विझते पण मागं चट्टे राहतात, स्नायू आखडलेले, चरबी वाढलेली, तो इनॲक्टिव्ह. सगळी ट्रीटमेंट कुठल्या टप्प्यात आहात यावर ठरते, आणि तुमच्या नकारात नेमकी हीच गोष्ट उलटी वाचली गेलीय.

टप्पा अंदाजे ठरवत नाहीत. सीएएस म्हणून सात मुद्द्यांचा स्कोअर असतो : डोळ्यामागं आपोआप दुखणं, डोळा हलवताना दुखणं, पापण्यांची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्या भागाची लाली, तिथली पाण्यासारखी सूज, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या गुलाबी मांसाची सूज. सातपैकी तीन किंवा जास्त असले की ॲक्टिव्ह धरतात. प्रत्येक व्हिजिटच्या कागदावर हा आकडा आहे, फाईलमध्ये लावलाय, कृपया बघा.

सुरुवातीला सौम्य होतं तेव्हा आर्टिफिशियल टिअर्स, रात्रीचं जेल आणि सेलेनियम 100 मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने. ते नवीन आणि सौम्य आजारातच देतात, 2011 साली युरोपातल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला होता. ती गोळी तुम्ही सप्लिमेंट म्हणून कापली, ठीक आहे, त्यावर भांडत नाही मी, पैसे किरकोळ आहेत. भांडण मोठ्या बिलाचं आहे.

कोर्स संपता संपता त्रास वाढला. सीएएस पाचवर गेला, वर्गात फळ्यावरची ओळ दोन दिसायची, एक डोळा झाकून वह्या तपासायच्या. मग शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन. आठवड्यातून एकदा, पहिले सहा आठवडे 500 मिलिग्रॅम आणि पुढचे सहा आठवडे 250, म्हणजे बारा आठवड्यांत मिळून साडेचार ग्रॅम. गोळ्यांऐवजी शिरेतून का, तर परिणाम चांगला होतो आणि त्रास कमी, पण लिव्हरला धोका असतो म्हणून आधी लिव्हर टेस्ट, हिपॅटायटिस बी, शुगर, बीपी सगळं बघितलं आणि मधेमधे परत लिव्हर टेस्ट. एका कोर्समध्ये आठ ग्रॅमच्या वर जाऊ नये म्हणतात. ही बिलं तुम्ही पास केलीत, त्याबद्दल आभार, आणि ते मुद्दाम लिहितोय कारण तेव्हा हा आजार तुम्हाला आजार वाटला होता.

सूज उतरली, दुखणं गेलं, सीएएस तीनवर आला पण दोन दिसायचं काही जाईना, वर बघितलं की डोळा अडकायचा. म्हणून रेडिओथेरपी. दोन आठवड्यांत दहा वेळा मिळून 20 ग्रे, डोळ्यामागच्या भागावर. हे स्नायूंच्या हालचालीसाठी जास्त उपयोगी पडतं आणि ॲक्टिव्ह टप्प्यातच पडतं, चट्टे पक्के झाल्यावर काय फायदा नाही. डायबेटिसमुळं पडदा खराब असेल तर देत नाहीत, तरुण पेशंटलाही टाळतात, मिसेसला शुगर नाही, पडदा तपासूनच दिली. तेव्हा तुमच्या टीपीएने बायोप्सी रिपोर्ट मागितला होता! रेडिओथेरपी म्हणजे कॅन्सरच, एवढंच डोक्यात. डॉक्टरांना वेगळं पत्र द्यावं लागलं की गाठ नाहीये, सूज आहे. ती बिलं उशिरा का होईना पास झाली.

आता मुख्य मुद्दा. यानंतर सीएएस एकवर आला आणि तिथंच राहिला, डोळ्याची मापं सलग सहा महिने बदलली नाहीत. तुमच्या पत्रात ज्या शब्दावर क्लेम उडवला तो इनॲक्टिव्ह शब्द डॉक्टरांनी या अर्थाने लिहिलाय, की आता ऑपरेशन करता येईल. आजार बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. ॲक्टिव्ह असताना ठरवून ऑपरेशन करत नाहीत कारण सूज परत भडकू शकते आणि मापं रोज बदलत असतात. आमच्या धंद्यातलं सांगतो, ओल्या हळदीच्या वजनावर कोणी भाव पक्का करत नाही, वाळली की वजन उतरतं.

आता मागं काय राहिलं होतं ते बघा. हर्टेल नावाच्या यंत्राने डोळा किती पुढं आलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात, मिसेसचं उजवं 25, डावं 24. पापणी मिटली तरी उजव्या डोळ्याला तीन मिलिमीटर फट राहायची. रात्री त्या झोपायच्या आणि मी बघायचो, पांढरा भाग दिसायचा. जेल लावायचं, पापणीवर टेप चिकटवायची, सकाळी टेप सुटलेली. बुबुळ खालच्या बाजूला कोरडं पडून तिथं जखम झाली, अँटिबायोटिक ड्रॉप्सवर भरली आणि परत झाली. फ्लुरोसिन टाकून काढलेले फोटो फाईलमध्ये आहेत, हिरवा डाग स्पष्ट दिसतो. अशी जखम चिघळली तर बुबुळावर पांढरा डाग पडून नजर कायमची जाऊ शकते. हे दिसण्याचं ऑपरेशन आहे का तुम्हीच सांगा.

पुण्यात डीकम्प्रेशन केलं. खोबणीची नाकाकडची आणि कानाकडची हाडाची भिंत पातळ करून काढली, थोडी चरबीही काढली, म्हणजे डोळ्याला मागं सरकायला जागा झाली. उजवं 25 वरून 20 वर आलं, डावं 24 वरून 19. फट बंद झाली, पुढच्या दोन तपासण्यांत बुबुळावर डाग नाही.

आता तुमचं म्हणणं, इमर्जन्सी नव्हती. बरोबर आहे, नसाची इमर्जन्सी नव्हती. या आजारात डोळ्याची नस दबली की रंग फिके दिसतात, नजर पटकन घसरते. तेव्हा टप्पा बघत बसत नाहीत, तीन दिवस जास्त डोसचं स्टिरॉइड देतात आणि आठवड्या दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर ॲक्टिव्ह असतानाच ऑपरेशन करतात. मिसेसची कलर टेस्ट आणि फील्ड टेस्ट नॉर्मल होत्या म्हणून थांबता आलं. पण नस ठीक आहे म्हणून बुबुळाचा धोका खोटा ठरत नाही, आणि टेप-जेल करूनही जखम परत येत होती हे कागदावर आहे. तुमच्याच पॉलिसीत Excl08 खाली लिहिलंय की तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका काढण्यासाठी वैद्यकीय गरज म्हणून केलेली शस्त्रक्रिया यात येत नाही, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाहिजे. ते पहिल्याच दिवशी जोडलं होतं, परत जोडतोय. नाकारण्याच्या पत्रात त्या सर्टिफिकेटचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणजे ते वाचलं की नाही हाच प्रश्न आहे.

आणखी एक, कारण पुढचं भांडण आत्ताच टाळायचंय. दोन दिसणं अजून आहे, डीकम्प्रेशननंतर ते कधीकधी वाढतंही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि संमतीपत्रावर आहे. त्यासाठी तिरळेपणाचं ऑपरेशन होईल, मग लागलं तर पापणीचं. क्रम हाच असतो, आधी खोबण, मग स्नायू, शेवटी पापणी, कारण डोळा मागं गेला की स्नायूंचं माप बदलतं आणि खालचा स्नायू सैल केला की पापणीची जागा बदलते. पापणी आधी केली तर परत करावी लागेल आणि खर्च तुमचाच वाढेल. तेव्हा पुढची प्री-ऑथ आली की एकाच आजाराला तीन तीन ऑपरेशनं कशाला असं विचारू नका, हे पत्र फाईलला लावून ठेवा.

मागणी एवढीच :

हा क्लेम डोळ्यांच्या डॉक्टरकडून, शक्यतो ऑक्युलोप्लास्टीवाल्याकडून, पुन्हा तपासून घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. नकार कायम ठेवायचा असेल तर बुबुळाची परत परत होणारी जखम कॉस्मेटिक कशी, हे त्या डॉक्टरच्या सहीने लेखी द्या. तिरळेपणाच्या ऑपरेशनच्या प्री-ऑथला हा कोड लावणार आहात का ते आत्ताच कळवा, मिसेसला शाळेत रजा टाकायची असते.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज टाकणार आहे, कागद तयार आहेत.

सोबत : प्रत्येक व्हिजिटचे सीएएस आणि हर्टेलचे आकडे, बुबुळाचे फोटो, सीटी स्कॅन, फील्ड टेस्ट, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, तुमचं नकाराचं पत्र.

कळावे,
आपला पॉलिसीधारक,
सांगली