बँकेतून गेलेले 3,000 रुपये वॉलेटमध्ये जमा न झाल्याबद्दल तक्रार

मिरज, 4 जुलै 2025

प्रति,
नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : 17 जून 2025 रोजी नेट बँकिंगने भरलेली 3,000 रुपयांची रक्कम वॉलेटमध्ये जमा न होणे, ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे आकडे 4417.

महोदय,

याच विषयावर मी आपल्या मदत केंद्राकडे 18, 21 आणि 27 जूनला तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, पण प्रत्येक उत्तर वेगळं होतं आणि एकही बरोबर नव्हतं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहून आपल्याकडे पाठवतो आहे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरीची शेवटची 9 वर्षं माझ्याकडे खात्यांच्या जुळणीचं काम होतं. त्यामुळे पैसे कुठे अडले असतील याचा मला अंदाज आहे, आणि आपल्या माणसांनी तो शोध का घेतला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

17 जूनला रात्री वीजबिल भरायचं होतं. वॉलेटमध्ये 412 रुपये होते. 8 वाजून 41 मिनिटांनी मी अॅपमध्ये 3,000 ही रक्कम टाकली, नेट बँकिंग निवडलं, यादीतून माझी बँक निवडली आणि पुढे जाण्याचं बटण दाबलं. त्याच क्षणी आपल्याकडे 4417 क्रमांकाची ऑर्डर तयार झाली. बँकेला अजून काहीही माहीत नव्हतं, पण आपल्या नोंदीत अमुक ग्राहकाकडून अमुक रक्कम येणं बाकी आहे असं लिहिलं गेलं होतं. पुढचं सगळं या नोंदीवर अवलंबून असतं, म्हणून तिचा उल्लेख आधी केला.

त्यानंतर पडद्यावर एक चक्र फिरलं आणि पत्त्याच्या पट्टीतलं नाव दोनदा बदललं. आधी पेमेंट गेटवेचं नाव आलं, मग माझ्या बँकेचं. आपल्या अॅपने ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि काम झाल्यावर परत कुठे यायचं तो पत्ता, हे सगळं गेटवेकडे दिलं. मध्ये कुणी रकमेत फेरफार केला तर लगेच कळावं म्हणून त्याला गुप्त किल्लीने काढलेली एक खूणही जोडलेली असते. गेटवेने मला बँकेच्या पानावर नेलं. ही पद्धत योग्यच आहे, कारण माझा पासवर्ड बँकेच्याच पानावर टाकला जातो, आपल्याला किंवा गेटवेला तो दिसत नाही. बँकेच्या नावाचा पत्ता नीट वाचून मगच मी लॉगिन केलं. पानावर 3,000 रुपये आणि गेटवेचं नाव होतं. खातं निवडलं, ओटीपी टाकला. 8 वाजून 44 मिनिटांनी खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा संदेश आला. त्यातल्या संदर्भ क्रमांकाचे शेवटचे आकडे 0931 आहेत.

घोळ यानंतर झाला. बँकेने मला परत गेटवेकडे आणि गेटवेने परत आपल्या अॅपकडे पाठवायचं असतं. पडद्यावर `Do not press back or refresh` असं लिहिलं होतं आणि मी कशालाही हात लावला नव्हता. पण त्या मिनिटाला घरातली वीज गेली, वायफाय बंद पडलं आणि फोन मोबाइलच्या नेटवर्कवर गेला. पान पांढरंच राहिलं. पुन्हा अॅप उघडलं तेव्हा ऑर्डर 4417 समोर `Payment Failed` दिसत होतं.

21 जूनच्या उत्तरात आपल्या प्रतिनिधीने लिहिलं की, ‘ग्राहक पेमेंटच्या पानावरून बाहेर पडल्यामुळे व्यवहार अपूर्ण राहिला’. हे मला मुळीच मान्य नाही. व्यवहार अपूर्ण राहिला नव्हता. पैसे बँकेतून निघाले होते. अपूर्ण राहिला तो फक्त माझ्या फोनचा परतीचा प्रवास.

जुन्या काळी डिमांड ड्राफ्ट काढला की ड्राफ्ट ग्राहकाच्या हातात दिला जाई आणि पैसे देणाऱ्या शाखेला त्याची अॅडव्हाइस टपालाने वेगळी जाई. ग्राहकाच्या हातातल्या कागदावरच सगळी भिस्त ठेवू नये म्हणून ती सोय होती. ऑनलाइन पैसे भरण्यातही असेच दोन मार्ग असतात. एक मार्ग ग्राहकाच्या फोनमधून जातो, तोच रिडायरेक्ट. दुसरा गेटवेच्या सर्व्हरवरून थेट आपल्या सर्व्हरवर येतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यात माझ्या फोनचा, वायफायचा किंवा विजेचा काहीच संबंध नसतो. तोही आला नाही तर आपल्या सर्व्हरने गेटवेला ऑर्डर क्रमांक देऊन स्थिती विचारायची असते. आणि हे सगळं चुकलं तरी दुसऱ्या दिवशी यशस्वी व्यवहारांची यादी येते, ती आपल्या नोंदींशी ताडून पाहायची असते. चार संधी होत्या. फोन फक्त पहिलीत हुकला.

जुळणीची सवय असल्याने मी माझ्या बँकेत जाऊन लेखी माहिती घेतली. बँकेने 25 जूनला पत्र दिलं. 0931 हा व्यवहार यशस्वी आहे आणि ती रक्कम 18 जूनच्या हिशेबात गेटवेला दिली गेली आहे, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे 18 तारखेपासून ते पैसे माझ्या बँकेकडे नाहीत. तरीही आपण मला 18 जूनला ‘5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत बँक पैसे परत करेल’ असं कळवलंत. बँकेच्या दृष्टीने जो व्यवहार पुरा झाला, तो ती स्वतःहून उलटा का फिरवेल? बँकेत डेबिट पडून पुढे काहीच गेलं नसेल तर रक्कम आपोआप परत येते. पैसे गेटवेपर्यंत पोचले असतील तर आपणच ते वॉलेटमध्ये जमा करायचे असतात किंवा गेटवेला सांगून परतावा काढायचा असतो. हा फरक आपल्या मदत केंद्राला माहीत नसेल, तर माझ्यासारखे किती ग्राहक बँकेच्या वाटेकडे डोळे लावून बसले असतील?

आता 27 जूनच्या उत्तराबद्दल. त्याचा मला सर्वात जास्त त्रास झाला. त्यात लिहिलं होतं की 3,000 रुपये त्याच रात्री वॉलेटमध्ये जमा झाले आहेत, तक्रार बंद करत आहोत. सोबत 9 वाजून 8 मिनिटांच्या जमेचा फोटोही होता. ती जमा खरी आहे, पण ती या व्यवहाराची नाही. पहिला प्रयत्न फसल्यावर बिलाची मुदत चुकू नये म्हणून मी तेवढीच रक्कम त्याच बँकेतून पुन्हा भरली होती. तिचा ऑर्डर क्रमांक 4452 आणि बँकेचा संदर्भ क्रमांक 1286 असा संपतो. ती ठीक जमा झाली. वॉलेटमध्ये 3,412 रुपये झाले, त्यातून 2,860 रुपयांचं बिल गेलं आणि 552 उरले. बँकेच्या विवरणात मात्र त्या रात्रीची दोन डेबिट आहेत, एकूण 6,000 रुपयांची. दोन डेबिट आणि एक जमा. हिशेब इतका सरळ असूनही तक्रार बंद झाली.

आपल्या माणसाने फक्त रक्कम आणि तारीख पाहून जुळवलं, एवढाच याचा अर्थ. रकमेवरून कधीही जुळणी करू नये, हे आमच्याकडे नव्या कारकुनालाही पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. एकाच माणसाचे एकाच दिवशी सारख्या रकमेचे दोन व्यवहार असू शकतात, आणि पहिला फसला की माणूस तेवढीच रक्कम पुन्हा भरतो, त्यामुळे असं वरचेवर घडतं. बँकेचा संदर्भ क्रमांक, गेटवेचा व्यवहार क्रमांक आणि आपला ऑर्डर क्रमांक हे तिन्ही एका ओळीत बसले तरच नोंद जुळली म्हणायचं.

माझा अंदाज असा आहे की ठरावीक वेळात उत्तर न आल्याने आपल्या यंत्रणेने 4417 अयशस्वी ठरवली आणि नंतर गेटवेकडून यशाचा निरोप आला तेव्हा ‘ही ऑर्डर बंद झाली आहे’ म्हणून तो बाजूला पडला. तसं असेल तर 18 जूनच्या गेटवेच्या यादीत 3,000 रुपयांची एक जास्तीची नोंद असणारच. ती कुठल्या तरी न जुळलेल्या रकमांच्या खात्यात पडून असेल. तिथे 0931 शोधावं, एवढीच माझी विनंती आहे. वॉलेटच्या मर्यादेचं कारणही इथे लागू होत नाही. माझं केवायसी पूर्ण आहे आणि शिल्लक 2 लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही नव्हती.

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांची व्याख्या केली आहे. संपर्क तुटणं किंवा सत्राची वेळ संपणं अशा कारणांनी, ग्राहकाचा दोष नसताना पुरा न झालेला व्यवहार त्यात येतो. भरपाई तक्रारीची वाट न पाहता द्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. कार्डाने ऑनलाइन पैसे दिले, खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याला निरोप पोचला नाही, तर व्यवहाराच्या तारखेनंतर 5 दिवसांत रक्कम परत यावी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये द्यावेत, असा त्यातला नियम आहे. माझ्या व्यवहारातही नेमकं तेच घडलं आहे, म्हणून तोच निकष मला लावावा अशी माझी मागणी आहे. ते 5 दिवस 22 जूनला संपले. 23 जूनपासून आजपर्यंत 12 दिवस होतात, म्हणजे 1,200 रुपये. पैसे जमा होईपर्यंत ही रक्कम वाढत जाईल.

तेव्हा 4417 ची रक्कम वॉलेटमध्ये किंवा माझ्या बँक खात्यात जमा करावी, वरील भरपाई द्यावी आणि गेटवेकडून या ऑर्डरची स्थिती आपल्याला कधी व काय कळली हे मला लेखी कळवावं. पैसे वॉलेटमध्येच हवेत असा माझा आग्रह नाही, पण परतावा काढलात तर त्याचा संदर्भ क्रमांक जरूर द्या, म्हणजे मला तो बँकेत दाखवता येईल. आणि 4452 च्या जमेचा फोटो कृपया पुन्हा पाठवू नये.

18 जुलैला माझ्या पहिल्या तक्रारीला 30 दिवस होतील. तोवर समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मी cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल करेन. बँकेचं 25 जूनचं पत्र, दोन्ही डेबिट दिसणारं विवरण, अॅपमधल्या दोन्ही ऑर्डरींचे फोटो आणि आपली तिन्ही उत्तरं सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक
(वॉलेटला जोडलेला मोबाइल क्रमांक आपल्या नोंदीत आहे)