डेमो डेची तालीम शनिवारी

सभासदहो,

डेमो डेला उतरणाऱ्या सगळ्यांची तालीम येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता उद्यमबागेतल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये आहे. बोलणाऱ्याने यायलाच हवं. बाकीच्यांनी परीक्षक म्हणून बसावं.

परीक्षक एकामागून एक कल्पना ऐकतात, प्रत्येकाची एखादीच ओळ त्यांच्या लक्षात राहते. ती पहिल्या २० सेकंदांतच द्या. नाव, कॉलेज, आभार यांत हा वेळ घालवू नका. फाउंड्रीवाल्या टीमचं "आम्ही स्मार्ट क्वालिटी प्लॅटफॉर्म बनवतो" कुणाला आठवणार? त्यापेक्षा म्हणा: "कास्टिंगच्या आतलं ब्लोहोल मशीनिंग करताना उघडं पडतं, तोवरचा खर्च वाया जातो. आम्ही ते आधीच पकडतो." सोबत कापलेला खराब तुकडा हातात धरून दाखवा. मग पैसे कोण देणार, कुणी वापरून पाहिलं, आणि शेवटी नेमकी मागणी.

• मजकूर ३०० शब्दांच्या आसपास ठेवा.
• तिसऱ्या मिनिटाला घंटा. वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं.
• पहिली ओळ कन्नड आणि इंग्रजीतही तयार ठेवा.

सगळ्यांचं बोलून झाल्यावरच ऐकणारे प्रत्येकाची आठवलेली ओळ लिहितील. ती तुमच्या ओळीशी जुळली नाही, तर सुरुवात बदला, स्लाइड नव्हे.